ओव्हरहॉलिंगनंतरही घड्याळ मागे पडत असल्याबाबत तक्रार

दि. ४ ऑगस्ट २०२५
सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
घड्याळ सर्व्हिस सेंटर,
लक्ष्मी रोड, पुणे

विषय : एचएमटी जनता घड्याळाचे ओव्हरहॉलिंग, बिल क्र. २१४७, दि. २ जुलै २०२५, रक्कम ₹१,८५०

महोदय,

माझे चावीचे एचएमटी जनता (१७ ज्युएल्स) घड्याळ दिवसाला साधारण तीन मिनिटे मागे पडत होते, म्हणून ११ जून रोजी आपल्याकडे दिले. पूर्ण खोलून सफाई, तेल, नवीन मेनस्प्रिंग आणि वेळ लावणे या कामांचे पैसे भरून २ जुलैला ते परत घेतले. आज ते दिवसाला साधारण तीन मिनिटेच मागे पडते. म्हणजे दिले तेव्हा जसे होते तसेच आहे.

२१ जुलैला मी स्वतः पुण्यात आपल्या काउंटरवर येऊन हे सांगितले. तिथल्या कर्मचाऱ्याने घड्याळ मशीनवर लावलेही नाही. ‘मोबाइलजवळ ठेवता, मॅग्नेट लागला असेल’ आणि ‘जुनं घड्याळ आहे, एवढं चालायचंच’ अशी दोन उत्तरे देऊन मला परत पाठवले. दोन्ही मला मान्य नाहीत.

हेअरस्प्रिंगला मॅग्नेट लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बहुधा पुढे पळते. माझे मागे पडते. तरीही शंका असेल तर मॅग्नेट काढायला मिनिटभरही लागत नाही. ते त्याच वेळी करून पाहता आले असते. राहिले जुनेपण. घड्याळ १९८४ सालचे आहे हे ते हातात घेतानाच आपल्याला दिसत होते. ‘हे वेळ धरणार नाही’ असे तेव्हा सांगितले असते तर मी विचार केला असता. उलट आपल्या पावतीवर ‘दिवसाला ३० सेकंदांच्या आत, सहा महिने हमी’ असे छापलेले आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी फलाटावरून सुटल्याची वेळ याच घड्याळावर पाहून नोंदवहीत लिहीत असे, त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी अंदाजाने बोलत नाही. घरी मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिले ते असे : पूर्ण चावी देऊन, डायल वर करून टेबलावर ठेवले तर चोवीस तासांत अर्धा मिनिट मागे. चावी खाली येईल असे उभे ठेवले तर जवळजवळ चार मिनिटे. शिवाय सकाळी आठला पूर्ण चावी दिली की दुसऱ्या दिवशी दुपारी ते थांबते. पूर्वी हेच घड्याळ एका चावीत दुसऱ्या रात्रीपर्यंत चालत असे.

म्हणून कृपया रेग्युलेटरची काडी थोडी सरकवून घड्याळ परत करू नका. तेवढ्याने हे सुटणारे नाही. आडवे आणि उभे यांत इतका फरक पडतो याचा अर्थ बॅलन्स पुरेसा फिरत नाही किंवा त्याच्या पिव्हटमध्ये दोष आहे. काडीने उभ्याची वेळ जुळवली तर टेबलावर ठेवलेले घड्याळ रात्रीतून पुढे जाईल. एका चावीत ते आता कमी तास चालते, यावरून तर मेनस्प्रिंग खरोखर बदलली का, अशी शंका येते. बिलात तिचे ₹४५० लावले आहेत, पण जुनी स्प्रिंग मला परत दिलेली नाही.

माझी मागणी अशी आहे. घड्याळ विनामूल्य पुन्हा पूर्ण खोलावे. मेनस्प्रिंग, बॅलन्सचे पिव्हट आणि चाकांतील तेल तपासून नेमका दोष काय होता ते लेखी द्यावे. काढलेले भाग परत करावेत. टाइमग्राफरवरील नोंद, म्हणजे दिवसाचा फरक, अँप्लिट्यूड आणि बीट एरर, डायल वर, डायल खाली व चावी खाली अशा तिन्ही स्थितींत पूर्ण चावीवर छापून मिळावी. एचएमटीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. भागासाठी थांबावे लागले तर मी थांबेन, फक्त तसे कळवावे. मात्र डायल रंगवू नये, केसला पॉलिश करू नये आणि मला विचारल्याशिवाय दुसऱ्या घड्याळाचे मशीन तर मुळीच बसवू नये. हे घड्याळ मी पहिल्या पगारातून घेतले आहे आणि मला ते आहे तसेच हवे आहे.

दुरुस्ती शक्य नसेल तर पूर्ण ₹१,८५० परत करावेत.

या पत्राचे उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण चावीची घड्याळे उघडणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत आणि आपल्याकडे ते आहेत असे ऐकूनच मी साताऱ्याहून पुण्याला आलो होतो.

आपण कळवाल त्या दिवशी घड्याळ घेऊन येईन. ते ताब्यात घेताना माझ्यासमोर मशीनवर लावून आलेली नोंद पावतीवर लिहावी.

आपला,
द. म. साळुंखे

सोबत : बिलाची व हमीच्या पावतीची झेरॉक्स प्रत, घरी घेतलेल्या वेळेच्या नोंदी