पेशी की बुडबुडा

मला तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला, तोवर वर्ग सुरू होऊन २४ दिवस झाले होते. सगळ्यांच्या जागा ठरल्या होत्या, प्रॅक्टिकलच्या जोड्या ठरल्या होत्या, कोण कुणाशी बोलतं तेही ठरलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅडमनी नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अनिरुद्ध एकटाच आहे ना? बस त्याच्याशेजारी."

त्याने स्टूलवरची बॅग उचलली, मायक्रोस्कोप थोडा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "जर्नल आहे का?"

नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या जर्नलच्या पहिल्या सहा प्रयोगांच्या झेरॉक्स आणून दिल्या. आकृत्यांची नावं झेरॉक्समध्ये पुसट आली होती, म्हणून ती त्याने काळ्या पेनाने पुन्हा गिरवली होती. नवीन गावात, नवीन खोलीत, ज्या मुलीशी चार दिवसांत कुणी चार वाक्यं बोललं नव्हतं, तिला ती गिरवलेली अक्षरं किती वेळ बघावीशी वाटली असतील हे सांगून कळणार नाही.

मग ते वाढत गेलं. म्हणजे माझ्या मनात वाढत गेलं. सेक्शन कापताना ब्लेड बोटाला लागलं, तर त्याने काही न बोलता पट्टी काढून दिली आणि त्या दिवशीचे माझेही सेक्शन कापले. मी लेक्चरला उशिरा आले की शेजारची जागा रिकामी असायची. प्रॅक्टिकल संपायला अंधार झाला, की रात्री मेसेज यायचा, "पोहोचलीस का?" त्या दोन शब्दांसाठी मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहायची. खोलीत गेल्यावर मीनल विचारणार, म्हणून.

मीनलला कळलंच. ती म्हणाली, "अगं, उगाच कोण करतं एवढं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, उगाच कोण करतं? वहीच्या मागच्या पानावर मी नोंदी ठेवायला लागले. तारीख आणि पुढे एक ओळ. "माझ्याकडे बघून हसला." "माझं पेन वापरलं, स्वतःचं असताना." "आज दोनदा नाव घेतलं." पान भरलं, दुसरं सुरू झालं. त्या दोन्ही पानांवर एकही ओळ अशी नव्हती, जिचा अर्थ 'तसं नसेलही' असा निघावा. तशा गोष्टी घडत नव्हत्या असं नाही, मी त्या लिहीतच नव्हते.

मग मी पत्र लिहिलं, चार पानांचं. ते शुक्रवारच्या प्रॅक्टिकलनंतर त्याच्या हातात द्यायचं, सगळ्यांसमोर दिलं तरी चालेल, असं ठरवून टाकलं. आपल्याला जे इतकं स्वच्छ दिसतंय ते त्याला दिसतच असणार, मग लपवायचं कशाला?

त्या शुक्रवारी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड होती. तशी सोपी. आतला पातळ पापुद्रा काढायचा, सॅफ्रानिनमध्ये रंगवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. माझं लक्ष बॅगेतल्या पाकिटाकडे होतं. कव्हरस्लिप मी नुसती वरून टाकली. आणि भिंगातून बघते तर काय, एक सुंदर गोल पेशी! ठळक, काळीभोर कड, मध्ये लखलखीत उजेड. बाकीचं सगळं तिच्यापुढे पुसट. मी पेन्सिल घेऊन आकृती काढायला बसले. पेशीभित्तिका, पेशीद्रव्य अशी नावंही देऊन झाली.

मॅडम मागून आल्या. भिंगाला डोळा लावला आणि हसल्या नाहीत. याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

"ही पेशी आहे असं का वाटलं तुला?"

"कड किती स्पष्ट आहे, मॅडम."

"हं. आत काय दिसतंय?"

मी पुन्हा बघितलं. आत काहीच नव्हतं. नुसता उजेड.

"केंद्रक नाही, शेजारच्या पेशींशी जोडलेली भिंत नाही. पेशी विटांसारख्या एकमेकींना लागून असतात. ही एकटीच आणि इतकी वाटोळी. मग काय असेल?" मी गप्प. "आता सुईचं टोक कव्हरस्लिपवर टेकव. दाबू नकोस, नुसतं टेकव. आणि मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, काच फुटेल. बारीक स्क्रूने बघ."

मी सुई टेकवली. माझी पेशी चपटी झाली, लांबट झाली, आणि घरंगळत नजरेबाहेर गेली. हवेचा बुडबुडा होता. तो सरकला तिथे खालून खऱ्या पेशी दिसायला लागल्या, फिकट गुलाबी, लांबोळ्या, प्रत्येकीत कडेला एक छोटा गडद ठिपका.

"सगळ्यांचं होतं पहिल्यांदा," मॅडम म्हणाल्या. "डोळा खोटं बोलत नाही गं. फक्त आपण त्याला घाईत नाव देतो."

त्या पुढच्या टेबलावर गेल्या. मी मात्र तिथेच अडकले. आत काय दिसतंय?

मी मान वर करून अनिरुद्धकडे बघितलं. म्हणजे गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच, तो माझ्याकडे बघतोय का हे न बघता, त्याच्याकडे बघितलं. तो पलीकडच्या टेबलावर वाकून समीरला ब्लेड कसं धरायचं ते दाखवत होता. समीरच्या जर्नलमध्ये झेरॉक्स होत्या, आणि त्यांवरची अक्षरं काळ्या पेनाने गिरवलेली होती.

पत्र बॅगेतच राहिलं.

रात्री मी वही उघडली आणि मागच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. उजवीकडे ते लिहायचं, जे मी आजवर लिहिलं नव्हतं. लिहिताना पोटात खड्डा पडत होता. जागा तो समीरसाठीही धरतो. "पोहोचलात का?" असं तो ग्रुपवरही विचारतो. प्रॅक्टिकलबाहेर त्याने मला कधीच काही विचारलेलं नाही, माझ्या घराबद्दल नाही, माझ्या आवडीबद्दल नाही. पण एवढ्यावरून 'नाहीच' असंही म्हणता येत नव्हतं. चांगला माणूस सगळ्यांशी चांगला वागून एखादीवर प्रेमही करू शकतो. पुढची पानं भरून हे कळणार नव्हतं. त्यालाच विचारायला हवं होतं.

पत्र फाडलं. चार पानांच्या पत्राला माणूस 'नाही' कसं म्हणणार? त्यात मी आमचं पुढचं सगळं ठरवूनच टाकलं होतं, त्याच्या वाट्याला फक्त 'हो' ठेवलं होतं. तेच सगळ्यांसमोर दिलं असतं, तर त्याला तोंड लपवायलाही जागा उरली नसती.

मीनल म्हणाली, "मी विचारू का त्याला? सहज म्हणून?" नको म्हटलं. तिसऱ्याच्या तोंडून गेलं की ते सहज राहत नाही.

अंतर्गत परीक्षा होऊ दिली. नंतरच्या मंगळवारी प्रॅक्टिकल लवकर संपलं. व्हरांड्यात मुलं होती, पण ऐकू येईल इतकी जवळ नव्हती. त्याला कुठे जायची घाई दिसली नाही. मी म्हटलं, "एक विचारू? उत्तर आत्ताच दिलं पाहिजे असं नाही."

"विचार ना."

"तू मला आल्यापासून खूप मदत केलीस. त्यातून माझ्या मनात तुझ्याबद्दल थोडं वेगळं वाटायला लागलंय. तुझ्या मनात तसं काही आहे का, एवढंच विचारायचं होतं. नसेल तर सरळ नाही म्हण. मला वाईट वाटेल, पण तू काही चुकीचं केलंस असं वाटणार नाही."

हे मी खोलीत अकरा वेळा म्हणून बघितलं होतं. तरी शेवटच्या वाक्याला आवाज फाटला.

तो बराच वेळ कठड्यावरच्या पोपड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. तसं नाहीये. सॉरी."

"सॉरी नको म्हणूस."

"तुला ठाऊक नसेल, माझं हे वर्ष दुसऱ्यांदा आहे. मागच्या वर्षी आजारी पडलो, दोन महिने घरी होतो. परत आलो तर सगळं पुढे गेलेलं. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. वर्ष सोडावं लागलं." तो थांबला. "तू त्या दिवशी दारात उभी होतीस ना, कुठे बसायचं ते न कळून? मला ते बघवलं नाही. एवढंच होतं."

एवढंच. मी मान हलवली, थँक्यू म्हणाले, जिना उतरले, आणि हॉस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून रडले. आधी हळुवार विचारलं म्हणून नंतर कमी दुखतं, असं काही नाही. ज्याला मी प्रेम समजत होते ते प्रेम नव्हतं, पण माझं मन खरं होतं, त्यामुळे दुखणंही खरंच होतं. दोन दिवस मी कॉलेजला गेले नाही. मीनलने कारण विचारलं नाही, फक्त दिवा लवकर मालवला.

शुक्रवारी गेले. तो आधीच येऊन बसला होता. स्टूल रिकामं होतं. बॅग मात्र त्यावर नव्हती, त्याने ती पायाशी ठेवली होती. मला तिथे बसायचं नसेल तर दुसरीकडे बसता यावं म्हणून असेल कदाचित. पण आता मी त्याच्या कृतींना आपल्याच मनाने नावं देणार नव्हते.

बसले. अर्धा तास आम्ही फक्त "सुई दे," "ग्लिसरीन कुठेय" एवढंच बोललो. मग तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला, "एक विचारू? रात्री पोहोचलीस का म्हणून मेसेज करतो, तो करू की नको?"

मला काय वाटेल ते त्याने गृहीत धरलं नव्हतं. मीही घाई केली नाही. खरं उत्तर काय आहे ते शोधलं.

"थोडे दिवस नको," मी म्हटलं. "मला त्याची सवय झालीय, ती जरा मोडू दे. मग मी सांगेन."

"बरं."

त्याने मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. "हे बघ जरा. मला कळत नाहीये पेशी आहे का बुडबुडा."

मी सुई घेतली आणि कव्हरस्लिपवर टेकवली.