सप्टेंबर २०२५ : फोन व इंटरनेट खर्चाचा मासिक गोषवारा आणि परताव्याची विनंती

दि. ३ ऑक्टोबर २०२५, इंदूर

प्रति,
विद्या मॅडम, लेखा विभाग, पुणे कार्यालय
प्रत : सुधीर सर, ग्राहक साहाय्य विभाग

विषय : घरून कामासाठी सप्टेंबर महिन्यात झालेल्या मोबाईल व इंटरनेट खर्चाचा परतावा, आणि ऑगस्टची अडकलेली रक्कम

आदरणीय मॅडम,

सप्टेंबरचा गोषवारा पाठवत आहे. दर महिन्याच्या मेलपेक्षा हा लांब झालाय, कारण या वेळी मोबाईलचा खर्च मर्यादेबाहेर गेला आहे आणि ऑगस्टचं इंटरनेटचं बिल आपल्याकडून परत आलं आहे. दोन्ही गोष्टी फोनवर सांगता आल्या असत्या, पण पुढे ऑडिटला कागद लागतो, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

आधी रक्कम :

मोबाईल, पोस्टपेड, १ ते ३० सप्टेंबर : मासिक भाडं रु. ४४९, जादा डेटा पॅक दोन, प्रत्येकी रु. १००, एकूण रु. ६४९. त्यावर १८ टक्के जीएसटी रु. ११६.८२. बिलाची रक्कम रु. ७६५.८२. मागणी पूर्ण रकमेची.

ब्रॉडबँड, १ ते ३० सप्टेंबर : भाडं रु. ७९९, जीएसटी रु. १४३.८२, बिल रु. ९४२.८२. घरातलं सामायिक कनेक्शन असल्यामुळे परिपत्रकाप्रमाणे ६० टक्के, म्हणजे रु. ५६५.६९.

ऑगस्टचं ब्रॉडबँड, तेच भाडं, तोच हिशेब : रु. ५६५.६९.

एकूण मागणी रु. १,८९७.२०.

मोबाईलची मर्यादा रु. ५५० आहे हे मला ठाऊक आहे. नेहमी बिल रु. ५२९.८२ येतं आणि मी मर्यादेच्या आत असते. या वेळी रु. २१५.८२ जास्त झाले, त्याचं कारण ते दोन डेटा पॅक. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. इंदुरात त्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांची मिरवणूक निघते आणि ती पाहायला सगळं शहर रस्त्यावर उतरतं. त्यासाठी दुपारपासून आमच्या भागात खांबांवरच्या लोंबत्या तारा उचलून वर बांधायचं काम चाललं होतं. दुपारी तीनच्या सुमारास राउटरवरचा लाल दिवा लागला तो लागलाच. मी गच्चीवर जाऊन पाहिलं, आमच्या घराकडे येणारी काळी फायबर केबल खांबापाशी ताणली जाऊन तुटली होती आणि तिचं टोक शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडलं होतं. तक्रार लगेच नोंदवली, क्रमांक बिलाच्या मागे लिहिला आहे. पण त्या रात्री लाईनमन येणं शक्य नव्हतं, दुसरा दिवस रविवार. सोमवारी दिवसभर फोन करत राहिले. केबल जोडली गेली मंगळवारी, ९ तारखेला, सकाळी अकराला.

शनिवारी चार वाजता सुधीर सरांना मेसेज केला होता. त्यांचं उत्तर, ‘पॅक मारून घ्या, पण काम थांबवू नका’, याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. परिपत्रकात मर्यादेबाहेरच्या खर्चाला विभागप्रमुखांची आगाऊ संमती लागते असं म्हटलंय, ती यात आहे असं मी धरते. पहिला पॅक शनिवारी मारला. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रिमोट घेतलं की डेटा कसा उडतो ते आपल्याला माहीतच आहे. सोमवारी दुपारी तो संपला आणि दुसरा घ्यावा लागला.

आता सप्टेंबर का थांबवता येत नाही, हे लेखा विभागापर्यंत नीट पोचावं असं मला मनापासून वाटतं. आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पतसंस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लाभांश वाटपाची यादी, थकबाकीदारांची यादी, हे सगळं याच महिन्यात छापायला निघतं आणि प्रत्येक अडचण आमच्या फोनवर येते. माझ्या नंबरवरून सप्टेंबरमध्ये बाहेर गेलेले कॉल ४१२, आलेले २८७. जुलैत दोन्ही मिळून तीनशेच्या आत होते. बोलणं पॅकमध्येच असल्यामुळे कॉलमुळे बिल एक रुपयाही वाढलेलं नाही, तरी कामाचं माप कळावं म्हणून आकडे देते.

एकच प्रसंग सांगते. २९ तारखेला रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या खजिनदारांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभा. लाभांशाच्या यादीची बेरीज अहवालात छापलेल्या रकमेपेक्षा रु. १,८४२ ने कमी येत होती. काका घाबरलेले, सभासद उद्या उभे राहून विचारणार म्हणत होते. रिमोट घेऊन पाहिलं, तर चौदा सभासदांची खाती वर्षाच्या मध्ये वारसांच्या नावावर झालेली. जुनी खाती बंद दाखवली गेली होती आणि नव्या खात्यांना भागांची तारीख एप्रिलऐवजी नोंदीच्या दिवसाची लागली होती. एकेक खातं उघडून तारीख दुरुस्त केली, यादी पुन्हा काढली, बेरीज पैशापर्यंत जुळली. अकराला पाच मिनिटं कमी असताना फोन ठेवला. सकाळी साडेसातला त्यांनी यादीच्या छापील प्रतीचा फोटो पाठवला. मॅडम, त्या रात्री माझं इंटरनेट बंद असतं तर एका गावातल्या संस्थेचा आपल्यावरचा विश्वास गेला असता. म्हणून मी पॅकच्या दोनशे रुपयांसाठी कधी थांबत नाही, आणि ते परत मागायलाही संकोच करत नाही.

महिन्यात कामाचे दिवस पंचवीस. शनिवार सगळे भरले. १२ तारखेला सासूबाईंचं श्राद्ध होतं म्हणून रजा घेतली. त्या दिवशीही दोन फोन घेतले, पण ते या हिशेबात धरलेले नाहीत. हा पोस्टपेड नंबर फक्त ऑफिसचा आहे, ग्राहकांना तोच दिलेला आहे. माझा घरचा नंबर वेगळा, त्याचं बिल मी कधी लावलं नाही.

आता ऑगस्टचं. आपला शेरा होता : ‘बिल कर्मचाऱ्याच्या नावे नाही.’ ते खरंच आहे. कनेक्शन माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे, २०१९ मध्ये त्यांनी घेतलं तेव्हापासून. जून-जुलैची बिलं त्याच नावावर होती आणि ती मंजूर झाली, म्हणून मी गाफील राहिले. शेरा आल्यावर बाबांना सांगितलं, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन तडक कंपनीच्या दुकानात गेले, की माझं नाव काढा आणि सूनबाईचं घाला. तिथे त्यांना सांगितलं, नाव बदलत नाही, जुनं बंद करून नवं घ्या, अनामत आणि जोडणीचे पैसे वेगळे. एक्क्याहत्तर वर्षांचा माणूस उन्हातून परत आला आणि मला म्हणाला, ‘तुझ्या ऑफिसची अडचण होत असेल तर नवीन घेऊया, मी देतो पैसे.’ मी नको म्हटलं.

नवं कनेक्शन घेण्यात फायदा कोणाचाच नाही. मला वाटतं, बिलावर नाव कोणाचं यापेक्षा पैसे कोणाच्या खात्यातून गेले हे पाहावं. जून ते सप्टेंबर चारही बिलं माझ्या पगाराच्या खात्यातून यूपीआयने भरली आहेत, बँकेच्या उताऱ्यातल्या त्या ओळींवर खूण केली आहे. सोबत बाबांचं सही केलेलं पत्र आहे की हे कनेक्शन मी ऑफिसच्या कामासाठी वापरते आणि बिल मीच भरते. बिलावरचा पत्ता आणि माझ्या आधारवरचा पत्ता एकच आहे. एवढ्यावर हे कायमस्वरूपी मान्य व्हावं, म्हणजे दर महिन्याला हाच प्रश्न उभा राहणार नाही.

६० टक्क्यांबद्दलही एक सांगते. घरात मुलाचा अभ्यास आणि बाबांच्या बातम्या त्याच वायफायवर चालतात, त्यामुळे पूर्ण बिल मागणं मला पटत नाही. ६० टक्के योग्य आहे. केबल तुटली त्या काळाचं तीन दिवसांचं भाडं रु. ७९.९० आणि त्यावरचा कर मिळून रु. ९४.२८ ऑक्टोबरच्या बिलात वजा करायचं कंपनीने कबूल केलंय. ते वजा झालं की परतावाही कमी झालेल्या बिलावरच मागेन, म्हणजे आपल्या वाट्याचे रु. ५६.५७ आपोआप सुटतील.

करासह रक्कम का मागते, हे मागच्या वेळी अकाउंट्समधल्या नव्या मुलाने विचारलं होतं. बिलं इंदूरच्या पत्त्यावरची, त्यामुळे त्यात ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के मध्य प्रदेशचा एसजीएसटी आहे, आणि बिलावर आपल्या कंपनीचा जीएसटी क्रमांकही नाही. पुण्याच्या नोंदणीवर त्याची वजावट मिळणार नाही. म्हणजे तो कर माझ्यासाठी निव्वळ खर्चच आहे.

आणखी एक विनंती, आणि ही मला महत्त्वाची वाटते. जुलैची रक्कम पगारपत्रकात ‘इतर भत्ते’ या रकान्यात मिळवली गेली होती. ठरावीक भत्ता करपात्र धरला जातो. मी मात्र प्रत्यक्ष भरलेल्या बिलांची भरपाई मागते आहे. कृपया ही रक्कम बिलांवरील परतावा म्हणून वेगळी दाखवावी आणि जुलैची नोंदही दुरुस्त करता आली तर करावी. रक्कम लहान आहे, पण वर्षाच्या शेवटी फॉर्म १६ हातात आला की ती काढून दाखवणं फार कठीण जातं.

सोबत जोडलेले कागद : सप्टेंबरचं मोबाईल बिल, ऑगस्ट आणि सप्टेंबरची ब्रॉडबँड बिलं, बँकेचा उतारा, दोन्ही डेटा पॅकच्या पावत्या, सुधीर सरांचा मेसेज, बाबांचं पत्र. ग्राहकांचे नंबर असल्यामुळे कॉलची यादी जोडलेली नाही. पाहायची असेल तर सुधीर सरांकडे आहे.

सप्टेंबरचा परतावा ऑक्टोबरच्या पगाराबरोबर आला तरी चालेल. ऑगस्टचे रु. ५६५.६९ मात्र त्याआधी मिळाले तर बरं होईल, दिवाळी २१ तारखेला आहे. काही कमी वाटलं तर दुपारी एक ते दोन मी फोनवर असते.

आपली,
मृण्मयी
ग्राहक साहाय्य विभाग (घरून काम), इंदूर