प्रश्न 4 (ब): सायकलीच्या उत्तरावर शेरा

तनुजा,

उत्तर दोनदा वाचलं. प्रश्न असा होता: किरण दुकानातल्या सायकलीवरची 12,000 ची चिठ्ठी पाहून 'ही घेतो' म्हणतो, दुकानदार नाही म्हणून दुसरा भाव सांगतो आणि शेवटी सायकल तिसऱ्यालाच विकतो; तर करार झाला का, कधी, आणि किरणला भरपाई किती? 'करार झाला' हे तुझं म्हणणं बरोबर, पण तो कुठल्या क्षणी झाला ते चुकलंय आणि भरपाईचा आकडा त्याच्यावरच ठरतो. 10 पैकी 4.

तुझी मांडणी अशी: काचेआडच्या सायकलीवरची 12,000 ची चिठ्ठी हा प्रस्ताव, किरणचं "ही घेतो" ही स्वीकृती, पाकिटातून काढलेल्या नोटा हे प्रतिफल, म्हणजे वचनाचा मोबदला. चिठ्ठी हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावासाठीचं निमंत्रण आहे. 'या, बघा, बोला' एवढंच दुकानदार म्हणतोय. आणि निमंत्रण स्वीकारून करार होत नाही. तू मात्र दुसऱ्या पानावर "किरणने निमंत्रण स्वीकारले" असं लिहून गेलीस!

बूट्स या औषधांच्या दुकानाचा इंग्लंडमधला खटला (1953) तू स्वतःच दिलास आणि निष्कर्ष उलटा काढलास. तिथं मांडणीवरची औषधं ग्राहक स्वतः उचलत. न्यायालयाने ठरवलं की प्रस्ताव ग्राहक देतो आणि पैसे घेताना दुकान तो स्वीकारतं. नाहीतर बाटली टोपलीत पडली की ग्राहक बांधला गेला असता, परत ठेवायची सोयच नाही. कार्लिल खटल्यातली (1893) जाहिरात इथे ओढू नकोस. त्या औषध कंपनीने आपलं औषध वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंडांचं बक्षीस कबूल केलं होतं आणि खरेपणा दाखवायला बँकेत 1,000 पौंड ठेवल्याचंही छापलं होतं. आपल्या दुकानदाराने फक्त भाव लिहिलाय.

म्हणजे "ही घेतो" हा किरणचा प्रस्ताव. "छे, 21,000 आहेत, आकडे उलटे पडलेत" हा नकार. 12,000 चा विषय तिथंच संपला.

प्रतिफलाचंही तसंच. नोटा बाहेर आल्या म्हणून प्रतिफल आलं असं नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 2 प्रमाणे पुढे काही करण्याचं वचनही चालतं. पण प्रतिफल हे ज्याने समोरून वचन दिलंय त्याच्या इच्छेवरून हवं. इथं दुकानदाराने 12,000 ला सायकल द्यायचं वचनच दिलं नव्हतं.

खरी गंमत प्रश्नाच्या शेवटच्या दोन ओळींत होती, त्या तू वाचल्याच नाहीस की काय? दुकानदार म्हणतो, "19,500 ला नेतोस?" किरण म्हणतो, "हो, पाच वाजता पैसे घेऊन येतो." हा प्रस्ताव, ही स्वीकृती, आणि दोघांची वचनं एकमेकांचं प्रतिफल. करार इथे झाला. चार वाजता सायकल तिसऱ्याला विकली, तोच भंग.

किरणला तशीच सायकल दुसरीकडे 22,000 ला पडली. तू कलम 73 खाली भरपाई 10,000 काढलीस. वजाबाकी बरोबर, पण वजा करायचे होते 19,500. त्याच्या पदरात 2,500 पडतील.

शुक्रवारी शेवटचा परिच्छेद नव्याने लिहून आण. बाकीचं राहू दे.