मुलाखतीनंतरचे दोन मेल

दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
विषय: कालच्या मुलाखतीबद्दल आभार आणि एक दुरुस्ती (मोडी दप्तर, सूचीकार)

आदरणीय वैद्य सर,

सविनय नमस्कार.

काल दुपारी सूचीकाराच्या जागेसाठी आपण, मोरे मॅडम आणि विश्वस्त काकांनी मला जवळजवळ सव्वा तास दिलात. मनापासून आभार. आले होते मुलाखतीला, पण रुमाल सोडून कागद समोर ठेवल्यावर मुलाखत विसरलेच. मॅडमनी माझ्यासाठी मागवलेला चहा साय धरून तसाच राहिला, त्याबद्दल शिपाईदादांना माझ्यातर्फे सॉरी सांगा.

आभार तर आहेतच, पण हा मेल आजच लिहायचं खरं कारण वेगळं आहे. मोरे मॅडमनी वाचायला दिलेल्या कागदाचं साल मी चुकीचं सांगितलं.

कोठीतल्या धान्याची ती यादी. शेवटच्या ओळीतली मिती मी ‘छ ११ रमजान सु॥ समान मया व अलफ’ अशी वाचली. समान म्हणजे आठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११०८. त्यात ५९९ मिळवले आणि ‘१७०७’ असं ठोकून दिलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, वहीत फक्त काहीतरी टिपलं. ते टिपण दांडिया बाजारापर्यंत रिक्षात माझ्या शेजारी बसून आलं म्हणा ना.

घरी जिना चढताना लक्षात आलं. १७०७ साली बडोद्यात गायकवाड कुठले? बडोदं त्यांच्याकडे कायमचं आलं १७३४ मध्ये. आणि त्याच कागदाच्या मथळ्यावरचं ‘आनंदराव गायकवाड सेनाखासखेल समशेर बहादूर’ तर मी दहा मिनिटं आधी मोठ्याने वाचून दाखवलं होतं! आनंदराव महाराज गादीवर आले १८०० मध्ये. वर आनंदराव आणि खाली १७०७, हे माझ्या तोंडून एका दमात निघालं आणि मला खटकलंही नाही.

चूक कुठे झाली असावी, तेही सांगते. कागदाची एक उभी घडी त्या ओळीत नेमकी ‘मया’ला लागून आहे. घडीवर शाई उडालेली आहे. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. त्यामुळे एखादं अक्षर पुसलं तरी वरची रेघ शाबूत राहते आणि वाचणाऱ्याला वाटतं, इथे मुळातच मोकळी जागा सोडली आहे. मलाही तसंच वाटलं. तिथे ‘तैन’ असणार, म्हणजे ‘मयातैन’, दोनशे. मग सुहूर सन १२०८, आणि त्यात ५९९ मिळवले की १८०७. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००. त्या वर्षीचा रमजान नोव्हेंबरात पडतो, तेव्हा ५९९च बरोबर. हिजरी १२२२ च्या रमजानची ११ तारीख येते १२ नोव्हेंबर १८०७ च्या सुमारास, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडे-तिकडे. कालही १२ नोव्हेंबरच होती. हे लक्षात आल्यावर मी एकटीच हसले आणि आईने स्वयंपाकघरातून ‘काय गं, लागली का नोकरी?’ म्हणून विचारलं.

अर्थात मूळ कागद पुन्हा उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय तिथे ‘तैन’ आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. सूचीत मी ‘मया[तैन]’ असं चौकोनी कंसात लिहीन आणि शेऱ्यात ‘घडीवर शाई उडालेली, मथळ्यातल्या नावावरून वाचन’ एवढं टाकेन. पुढे येणाऱ्या वाचकाला कागदावर काय आहे आणि माझ्या डोक्यातलं काय आहे, हे वेगळं दिसलं पाहिजे.

यावरूनच आपल्या एका प्रश्नाकडे येते. स्कॅन केलेल्या फायलींना नावं कशी द्याल, असं आपण विचारलंत आणि मी ‘सालवार देऊ’ असं म्हणाले. ते उत्तर मी मागे घेते. सालवार नाव दिलं असतं तर कालची माझी घोडचूक त्या फाइलच्या कपाळावर कायमची बसली असती आणि १८०७ चा कागद शंभर वर्षं मागच्या फोल्डरमध्ये जाऊन हरवला असता. नावात फक्त कागदाचा पत्ता असावा: रुमाल, कागद, पान. म्हणजे चौदाव्या रुमालातल्या बत्तिसाव्या कागदाची पहिली दोन पानं अशी:

```
R014_K032_P01.tif
R014_K032_P02.tif
```

साल, गाव, व्यक्ती, विषय हे सगळं सूचीच्या तक्त्यात. तिथे दुरुस्ती करता येते, आणि ती कोणी कधी केली तेही लिहून ठेवता येतं. कोरी पाठ असली तरी ती स्कॅन करावी असं मला वाटतं. पाठीवर कोणाचा तरी हिशेब, शेरा किंवा नुसताच बोरू चालतो का पाहिल्याच्या रेघा निघतात. मूळ प्रत टिफमध्ये आणि वाचकांसाठी हलकी जेपेग, यावर काल आपलं एकमत झालंच होतं.

विश्वस्त काकांनी निघताना विचारलं, ‘पोरी, वर्षभरात पुण्याला पळणार नाहीस ना?’ मी नुसतंच ‘नाही काका’ म्हणाले आणि हसले, ते उत्तर जरा उडवल्यासारखं वाटलं असेल. माझं शिक्षण इथे गुजराती माध्यमात झालं. घरात मराठी, आणि मोडी शिकवली आजोबांनी, त्यांच्या वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांवरून. शाळेत बिनरेघेची अक्षरं गिरवायची आणि रात्री रेघेला लटकलेली. तुमच्या दप्तरात मोडी मजकुराच्या शेजारी गुजराती शेरे आहेत, ते दोन्ही एकाच माणसाने वाचायला हवेत असं मोरे मॅडम म्हणाल्या. ते काम मला पुण्यात कोण देणार? बडोद्याचे कागद बडोद्यातच आहेत, काका. मीही इथेच आहे.

माझ्या सध्याच्या शाळेत एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. निवड झाली तर त्यानंतर लगेच रुजू होऊ शकेन. पगाराबद्दल काल जे बोलणं झालं ते मला मान्य आहे, त्यावर वेगळं काही म्हणायचं नाही.

कागदाच्या देवनागरी लिप्यंतराची दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे. मोरे मॅडमना दाखवावी ही विनंती. त्यांच्या वहीतल्या टिपणाशी माझं उत्तर जुळतं का, एवढी उत्सुकता आहे.

आपली नम्र,
मृणाल सबनीस
दांडिया बाजार, वडोदरा

* * *

दिनांक: ५ डिसेंबर २०२५, शुक्रवार
विषय: सूचीकाराच्या जागेबाबत विचारणा

आदरणीय वैद्य सर,

सविनय नमस्कार.

माझ्या मागच्या मेलला आपण दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलंत आणि ‘तैन आहे, भिंगाखाली दिसतो’ हा मोरे मॅडमचा निरोपही कळवलात. तो वाचून जीव भांड्यात पडला. त्याच उत्तरात नोव्हेंबरअखेरपर्यंत निर्णय कळवू असं आपण लिहिलं होतं. त्यालाही पाच दिवस उलटले म्हणून विचारते आहे. तगादा म्हणून कृपया घेऊ नये.

संस्थेचं काम विश्वस्तांच्या बैठकीवर चालतं आणि सगळ्यांना एका दिवशी एकत्र आणणं किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालय समितीत पाचच माणसं आहेत, तरी दिवाळीआधीची बैठक अजून व्हायची आहे. त्यामुळे उशिराबद्दल मुळीच तक्रार नाही. निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित धरावा, एवढंच कळलं तर बरं होईल. अजून एखादी वाचनाची चाचणी घ्यायची असेल तर कोणत्याही शनिवारी येऊ शकेन. पूर्वीच्या कामाबद्दल कोणाशी बोलायचं असेल तर दोघांची नावं आणि फोन त्यांना विचारून पाठवते.

विचारण्यामागे माझीही थोडी अडचण आहे, ती लपवत नाही. पुढच्या सत्रासाठी मी राहणार की नाही, हे शाळेला १५ डिसेंबरपर्यंत लेखी कळवायचं आहे. मुलांच्या वाचनतासिका माझ्याकडे आहेत. हो म्हणून मध्येच सोडून जाणं मला पटणार नाही. म्हणून आपल्याकडून १२ तारखेपर्यंत अंदाज मिळाला तर मला शाळेशी सरळ बोलता येईल. आपला निर्णय माझ्या तारखेसाठी घाईने व्हावा असं मात्र अजिबात म्हणणं नाही. तोवर ठरणार नसेल तर ‘अजून ठरलेलं नाही’ एवढी एक ओळही पुरेशी आहे. आणि दुसऱ्या कोणाची निवड झाली असेल तर तेही निःसंकोच कळवावं, मला वाईट वाटेल पण राग येणार नाही.

दरम्यान सुहूर सनाच्या अरबी अंकांचा एक पानी तक्ता मी तयार केला आहे. इहिदेपासून अलफपर्यंत सगळे आकडे, शेजारी मोडीतली त्यांची वळणं, आणि घाईत एकमेकांशी गल्लत होणाऱ्या जोड्या लाल शाईत: सबा आणि सबैन, समान आणि समानीन, आणि अर्थातच मया आणि मयातैन. सोबत जोडते आहे. या जागेवर कोणीही आलं तरी टेबलाच्या काचेखाली ठेवायला उपयोगी पडेल. मी त्या टेबलाशी नसले तरी तो तिथे राहिलेला मला आवडेल.

शाळेच्या वेळेत फोन बंद असतो. चारनंतर केव्हाही उचलेन, किंवा मेलवर लिहिलंत तरी चालेल.

काकांना आणि मोरे मॅडमना नमस्कार.

आपली नम्र,
मृणाल सबनीस