चप्पल ऑर्डर: पेमेंट पानावरचा मजकूर

जसाच्या तसा टाकावा. तिरपी वाक्यं पान बांधणाऱ्यासाठी आहेत, गिऱ्हाइकाला दिसू नयेत.

तुमची ऑर्डर

कापशी कोल्हापुरी, पुरुषांची, नंबर ८, १ जोड: ₹१,४५०
घरपोच खर्च: ₹८०
एकूण: ₹१,५३०. कर यातच आले. पुढे यात काही वाढणार नाही.

नंबरची शंका आहे? टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. आमचा नंबर ८ म्हणजे सुमारे २६.५ सेंमी. नवी जोड पट्ट्यात घट्ट वाटते, चामडं वापरात सैल होतं. टाच मागे बाहेर येत असेल तर मात्र एक नंबर मोठा घ्या.

नाहीच बसली तर ७ दिवसांत बदलून देऊ. फक्त घरात घालून बघा, रस्त्यावर नको. बदलीच्या पार्सलचा खर्च आमचा.

[नंबर बदला] [नंबर बरोबर, पुढे पत्ता]

*बदलीची ओळ बटणाच्या वरच हवी. नंबरची धाकधूक पैसे भरताना पुन्हा डोकं वर काढते, आणि अटी दुसऱ्या पानावर असतील तर गिऱ्हाईक तिकडे जाऊन परतत नाही.*

पत्ता

मोबाइल: पार्सल आणणारा याच नंबरवर फोन करेल. जाहिराती पाठवणार नाही.
पत्ता: घर नंबर, गल्ली किंवा पेठ, जवळची खूण (तालीम, देऊळ, शाळा)
पिनकोड चुकल्यास: पिनकोड ६ अंकी असतो. इथे ५ च अंक आलेत.

*चूक दाखवताना बाकीचं भरलेलं पुसू नका.*

पैसे

[यूपीआयने ₹१,५३० भरा]
तुमचं ॲप उघडेल. तिथे रक्कम पाहा, मगच पिन टाका. पिन किंवा ओटीपी आम्ही फोनवर कधीच विचारत नाही.

[कार्डने ₹१,५३० भरा]

[पार्सल आल्यावर ₹१,५३० देईन]

*रक्कम बटणावरच लिहा. नुसतं ‘पुढे’ लिहिलं की आता पैसे कापले जाणार की अजून एक पान आहे, हे कळत नाही आणि बोट थांबतं.*

थांबताना: बँकेच्या उत्तराची वाट पाहतोय. २ मिनिटं लागू शकतात. तोवर पुन्हा पैसे भरू नका.

पैसे न गेल्यास: बँकेने व्यवहार नाकारला. ऑर्डर आणि पत्ता जपून ठेवलाय. [पुन्हा भरा] [दुसऱ्या प्रकारे भरा]

उत्तर अडकल्यास: बँकेकडून अजून कळलेलं नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर दुसऱ्यांदा भरू नका. उत्तर आलं की ऑर्डर पक्की करून मेसेज पाठवू. नाही आलं तर यूपीआयचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. [दुकानात फोन करा]

*हे दोन मजकूर एकत्र करू नका. अडकलेल्या व्यवहारावर ‘पुन्हा भरा’ दिसलं तर दोनदा पैसे कापले जातात.*

पान सोडताना

ही जोड उद्या रात्री ९ पर्यंत तुमच्यासाठी बाजूला ठेवू? [हो, ठेवा] [नको]

*‘हो’ म्हटलं की जोड खरोखर साठ्यातून बाजूला काढा. उलटी मोजणारी खोटी घड्याळं इथे नकोत.*

पैसे मिळाल्यावर

₹१,५३० मिळाले, ऑर्डर पक्की. जोड उद्या चप्पल लाईनमधल्या दुकानातून निघेल. [पार्सल कुठे आहे ते पाहा]