बांधावरची कुऱ्हाड: खाजगी बचावाच्या हक्कावरील समस्याप्रश्न आणि नमुना उत्तर

प्रश्न (२० गुण)

सांगोला तालुक्यातील रघुनाथ (वय ५२) याची डाळिंबाची बाग असून तो बागेतच वस्ती करून राहतो. बांधावरून त्याचा चुलतभाऊ बाळू याच्याशी दिवाणी दावा चालू आहे. एके दिवशी दुपारी ४ वाजता बाळूने फोनवर धमकावले, "आज रात्री बांध सरळ करतो. आडवा आलास तर बघ." रघुनाथने गावच्या पोलीस पाटलाला फोन केला. पाटील म्हणाले, "दारू उतरली की गप बसेल. सकाळी बघू." पोलीस ठाणे १४ किलोमीटरवर आहे.

रात्री साडेनऊला बाळू कोयता घेऊन, त्याचा मुलगा किरण (वय २२) काठी घेऊन आणि गडी सोपान मोकळ्या हातांनी आला. अंगणात किरणने रघुनाथच्या डोक्यात काठी घातली. ४ सेंटिमीटरची जखम झाली. "संपवतोच तुला" म्हणत बाळूने कोयता उगारला. घराचे मागचे दार उघडे होते आणि तिथे किल्लीसकट मोटारसायकल उभी होती. रघुनाथ मागे सरला नाही. पडवीतली कुऱ्हाड उचलून त्याने बाळूच्या खांद्यावर घाव घातला, बाळू कोसळल्यावर मांडीवर दुसरा घातला. बाळू मरण पावला. शवविच्छेदन अहवालानुसार मृत्यू दोन्ही जखमांतील एकत्रित रक्तस्रावाने झाला. सोपान म्हणतो, दोन्ही घाव एका दमात बसले. बॅटरी घेऊन धावत आलेली शेजारीण म्हणते, कोयता हातातून सुटून लांब पडला होता, दुसरा घाव त्यानंतरचा.

किरण काठी टाकून पळाला. रघुनाथने चाळीस पावले पाठलाग करून कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने त्याच्या पाठीवर मारले. दोन बरगड्या मोडल्या. तेवढ्यात किरणने वळून दगड मारला, रघुनाथचा दात पडला. इकडे सोपान विहिरीवरची मोटर सोडवू लागला होता. रघुनाथची बायको सुमन हिने त्याला दगड मारला, त्याचे मनगट मोडले.

रघुनाथ, सुमन आणि किरण यांच्या फौजदारी जबाबदारीची चर्चा करा.

उत्तर

घटना १ जुलै २०२४ नंतरची धरून भारतीय न्याय संहिता, २०२३ लावली आहे. जुन्या दंडसंहितेची कलमे ९६ ते १०६ इथे ३४ ते ४४ झाली आहेत. जुने निवाडे त्यामुळे तसेच उपयोगी पडतात.

बाळूच्या मृत्यूपासून सुरुवात करू. कुऱ्हाडीने खांद्यावर घाव घालणाऱ्याचा इरादा निदान सामान्यतः मृत्यू ओढवण्यास पुरेशी ठरेल अशी इजा करण्याचा होता हे मान्य करावेच लागते. म्हणजे बचाव पडला तर कलम १०१ चा खून समोर उभा आहे. बचाव कलम ३४ चा आहे: खाजगी बचावाच्या हक्काचा वापर करताना केलेली कोणतीही गोष्ट अपराध नाही. हा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत कधी जातो ते कलम ३८ सांगते. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी धास्ती उत्पन्न करणारा हमला असेल तर. डोक्यात काठी बसलेली, कोयता डोक्यावर, तोंडी "संपवतोच". धास्ती वाजवी होती का, यावर शाई खर्च करण्याची गरज नाही. कलम ४० प्रमाणे हक्क धास्तीबरोबर सुरू होतो. पहिला वार अंगावर घेईपर्यंत थांबायचे नसते, आणि रघुनाथने तर तोही घेतला होता.

सरकारी पक्ष दोन ठिकाणी बोट ठेवेल. एक, पोलिसांकडे जायला साडेपाच तास होते. दुसरे, मागचे दार उघडे होते. हे दोन मुद्दे एकच समजून लिहिण्याची चूक वकीलही करतात. ते वेगळे आहेत.

पहिला मुद्दा कलम ३७ मधून येतो. लोक अधिकाऱ्यांच्या संरक्षणाचा आश्रय घ्यायला अवधी असेल तर हक्कच मिळत नाही. पण हा अवधी कोणत्या क्षणापासून मोजायचा? दुपारच्या फोनपासून मोजला तर धमकी मिळालेल्या प्रत्येकाने घर सोडून ठाण्यात मुक्काम करावा लागेल. "बघ" हा शब्द आपल्याकडे रोज शंभर भांडणांत निघतो. त्यातून कोयता निघतोच असे नाही. अवधी मोजायचा तो हमल्याची धास्ती प्रत्यक्ष उभी राहिल्यापासून, आणि साडेनऊला १४ किलोमीटरवरचे ठाणे कोणाच्याच कामाचे नव्हते. शिवाय रघुनाथ हात बांधून बसला नव्हता. पोलीस पाटील हे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खालचे पद आहे. त्याने गावात जे दार ठोठावता येते ते ठोठावले होते. मुन्शी राम वि. दिल्ली प्रशासन (१९६८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मालमत्तेत जबरदस्तीने घुसणाऱ्यांसमोरून पळत जाऊन अधिकाऱ्यांकडे धाव घ्यावी अशी कायद्याची अपेक्षा नाही.

दुसरा मुद्दा माघार घेण्याच्या कर्तव्याचा. हे कर्तव्य मूळचे इंग्लंडच्या जुन्या कॉमन लॉमधले. आज तिथेही ते स्वतंत्र कर्तव्य उरलेले नाही, बळ वाजवी होते का हे ठरवताना माघारीची शक्यता फक्त एक बाब म्हणून पाहतात. अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो. न्यूयॉर्कमध्ये पूर्ण सुरक्षितपणे मागे हटता येत असेल तर घराबाहेर प्राणघातक बळ वापरता येत नाही, तर फ्लोरिडाने २००५ मध्ये ती अटच काढली. आपल्या संहितेत माघार हा शब्द कुठेच नाही. तरी योगेंद्र मोरारजी वि. गुजरात राज्य (१९८०) मधले एक वाक्य सरकारी वकील नक्की वाचून दाखवेल. प्राण घेतल्याशिवाय सुटकेचा सुरक्षित आणि वाजवी मार्ग नसावा, अशा अर्थाचे ते आहे. माझ्या मते हे वाक्य कलम ३७ मधल्या "आवश्यक तेवढीच इजा" या अटीचाच एक पैलू सांगते. कायद्यात नसलेले कर्तव्य ते निर्माण करत नाही. दर्शन सिंग वि. पंजाब राज्य (२०१०) मध्ये तत्त्वांची यादी देतानाही न्यायालयाचा सूर असाच आहे की कायदा पाळणाऱ्या माणसाने आक्रमणापुढे भ्याडपणा दाखवावा अशी अपेक्षा नाही.

आणि समजा ते वाक्य शब्दशः लावले, तरी मोटारसायकल रघुनाथची वाट होती, सुमनची नव्हती. डोके फुटलेला माणूस किल्ली फिरवेपर्यंत कोयता थांबणार होता का, हा प्रश्न आहेच. पण बायको घरात असताना ज्या दारातून एकटाच नवरा निसटू शकतो, ते दार "सुरक्षित मार्ग" नव्हे. कलम ३५ ने दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचाही हक्क दिला आहे, मग स्वतःपुरते पळणे हा त्याला पर्याय कसा ठरेल?

आता प्रमाण. कोयत्याला कुऱ्हाड, हत्यारास हत्यार जवळजवळ जुळते, पण जुळले नसते तरी बिघडत नव्हते. देव नारायण वि. उत्तर प्रदेश राज्य (१९७३) मध्ये समोर लाठी असताना आरोपीने भाला चालवला होता. डोक्यावर लाठी बसणे किती जीवघेणे असते हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. कटनीच्या दंगलीतल्या अमजद खान (१९५२) खटल्यात अशा गोष्टी फार बारीक तराजूत तोलायच्या नसतात असे सांगितले गेले, ते अजून पाळले जाते. पहिला घाव कलम ३८ मध्ये निर्विवाद बसतो.

खरी अडचण दुसऱ्या घावाची. बाळू पडला आणि कोयता लांब गेला असेल, तर कलम ४० प्रमाणे धास्ती संपली आणि तिच्याबरोबर हक्कही संपला. सोपान मात्र म्हणतो एका दमात. सोपान हा मेलेल्याच्या बाजूचा माणूस, आरोपीला वाचवण्याचे त्याला कारण नाही. शेजारीण तटस्थ, पण तिने पाहिले ते धावता धावता, बॅटरीच्या उजेडात. अपवाद सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ ने आरोपीवर टाकला आहे. तो भार संभाव्यतेच्या अधिकतेइतकाच, संशयातीत पुराव्याचा नव्हे. शिवाय किरण काठी घेऊन अजून अंगणात होता की पळाला होता, हे कोणताच साक्षीदार सांगत नाही. तो उभा असेल तर बाळू पडला म्हणजे धोका टळला असे म्हणता येत नाही. माझा कल दोन्ही घाव एकाच कृतीचे मानून रघुनाथला या आरोपातून निर्दोष सोडण्याकडे आहे.

शेजारणीवर विश्वास ठेवला तरी तो खून होत नाही. कलम १०१ चा अपवाद २ लागतो: सद्भावपूर्वक बचाव करताना, पूर्वविचाराशिवाय आणि गरजेहून अधिक इजा करण्याच्या इराद्याशिवाय, हक्काची मर्यादा ओलांडली गेली. मग कलम १०५ खाली खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध. घाव छातीवर किंवा मानेवर न पडता मांडीवर पडला, ही बाब शिक्षा ठरवताना रघुनाथच्या बाजूने मांडावी.

किरणच्या बाबतीत रघुनाथला वाचवणे अवघड आहे. काठी टाकून चाळीस पावले पळालेल्या माणसापासून कसली धास्ती? जय देव वि. पंजाब राज्य (१९६३) मध्ये शेतातले हल्लेखोर पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्यांना संरक्षण मिळाले नाही, ते इथे थेट लागू होते. बरगडी मोडणे ही कलम ११६ ची जबर दुखापत. बोथट बाजू वापरल्यामुळे खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकणार नाही, पण हाडे मोडण्याइतक्या जोराने चालवलेली कुऱ्हाड घातक हत्यारच राहते, म्हणून कलम ११८(२). यावर उतारा कलम १२२(२) चा. डोक्यातून रक्त गळत असताना आलेला राग हा गंभीर आणि अचानक प्रक्षोभ आहे आणि मध्ये मिनिटभरही गेले नसावे. तो मान्य झाल्यास शिक्षा कमाल ५ वर्षांवर येते.

सुमनचे उत्तर छोटे आहे. मोटर रघुनाथची, बांधाच्या वादाशी तिचा संबंध नाही, म्हणून सोपानचे कृत्य चोरीचा प्रयत्न. बळाचा वापर चोरीसाठी झाला नव्हता, तेव्हा ही जबरी चोरी नव्हे आणि कलम ४१ लागत नाही. कलम ४२ प्रमाणे मृत्यूखेरीज कोणतीही इजा करता येते, त्यात मोडलेले मनगट येते. अंधारात घरात एकट्या बाईने दगडाऐवजी काय वापरायला हवे होते, हे सरकारी पक्षाने सांगावे.

राहिला किरणचा दगड. काठीबद्दल तो दोषी आहेच. दगडाबद्दल मात्र तो स्वतः खाजगी बचाव मागू शकतो, आणि मला वाटते तो त्याला मिळायला हवा. खाजगी बचाव हे समर्थन आहे, केवळ माफी नव्हे, याचा कस इथे लागतो. वेड्याचे कृत्य संहिता माफ करते, तरी कलम ३६ प्रमाणे वेड्यापासून बचाव करता येतो. कारण कृत्य चूकच असते, फक्त करणाऱ्याला दोष देता येत नाही. समर्थनीय कृत्य मुळात चूकच नसते, म्हणून त्याविरुद्ध बचाव नाही. अंगणात रघुनाथची कुऱ्हाड समर्थनीय होती, तिथे किरणने दगड मारला असता तर तो गुन्हा ठरला असता. चाळीस पावलांवर ते समर्थन उरले नव्हते, आणि भांडण ज्याने सुरू केले तो काठी टाकून उघडपणे बाहेर पडला होता. दात पडणे हीसुद्धा कलम ११६ ची जबर दुखापत, पण पाठीत कुऱ्हाड बसत असताना मारलेला एक दगड आवश्यकतेपलीकडे जात नाही.