विषय: गोव्याच्या वाटेवर एक मुक्काम, जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर | ग्रुपचे नेट दर, ३१ मेपर्यंत

नमस्कार,

कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडीकडून गोव्याला जाणारी तुमची गाडी बेळगावात चहाला थांबते आणि चोर्ला घाट उतरून थेट पणजी गाठते. वाटेतलं जांबोटीचं जंगल प्रवासी खिडकीतून बघतात, तेही निम्मे झोपेत. त्या जंगलात एक रात्र काढायची सोय आम्ही केली आहे. जांबोटी आणि कणकुंबीच्या मध्ये, मुख्य रस्त्यापासून एक किलोमीटर आत आमचं 'हिरडमाळ रिसॉर्ट' गेल्या महिन्यात सुरू झालं. ग्रुपचे दर कालच पक्के झाले. सगळ्यात आधी तुम्हा एजंट मंडळींनाच कळवतो आहे.

खोल्या २४ आहेत. त्यातल्या १४ खोल्यांत तिघं ऐसपैस झोपतात, उरलेल्या १० दोघांच्या. शिवाय शाळा-कॉलेजच्या सहलींसाठी २२ खाटांच्या दोन डॉर्मिटरी आहेत, एक मुलींना, एक मुलांना. दोन्हींच्या मध्ये शिक्षकांच्या खोल्या मुद्दाम ठेवल्या आहेत. का, ते सहल नेणाऱ्याला सांगायला नको.

दर असे (माणशी, एक रात्र, संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाष्टा धरून):

दोघांत एक खोली: १,९५० रुपये
तिघांत एक खोली: १,६५० रुपये
डॉर्मिटरी, विद्यार्थी: ८५० रुपये
५ ते १० वर्षांचं मूल, आईवडिलांच्या खोलीत जादा गादीवर: ७५० रुपये
५ वर्षांखालील: मोफत

हे नेट दर आहेत, त्यावर तुमचं मार्जिन तुम्ही लावा. तुमच्या ग्राहकाने आम्हाला थेट फोन केला तरी त्याला काउंटरचाच दर सांगितला जाईल, आणि तो यापेक्षा चांगलाच चढा आहे. जीएसटी ५ टक्के वेगळा. किमान १५ पैसे भरणारी माणसं हवीत. दर १५ मागे एक जण फुकट, म्हणजे तुमचा टूर मॅनेजर किंवा आचारी त्यात बसतो.

हिशेब करून दाखवतो. ४२ जणांचा ग्रुप, तिघांत एक खोली. दोघं फुकट, म्हणजे ४० जणांचे ६६,००० रुपये. जीएसटी ३,३००. एकूण ६९,३००. याला ४२ ने भागा: माणशी बरोबर १,६५०. कर आमच्याकडूनच सुटल्यासारखा आहे.

आता ड्रायव्हरचं. मी स्वतः अकरा वर्षं टूर मॅनेजर म्हणून गाड्यांबरोबर फिरलो. एका डिसेंबरात, एका थंड हवेच्या ठिकाणी, आमचा ड्रायव्हर आणि क्लीनर बसच्या सीटवर दोन शाली अंगावर ओढून झोपले होते, कारण हॉटेलवाल्याकडे 'स्टाफसाठी सोय नाही'. दुसऱ्या दिवशी घाटात त्याचे डोळे मिटायला लागले तेव्हा मी शेजारी बसून त्याला तंबाखू मळून देत होतो. त्यामुळे इथे ड्रायव्हर-क्लीनरला चार खाटांची वेगळी खोली आहे, गरम पाणी आहे, आणि जेवण पाहुण्यांच्याच भांड्यातलं. त्याचे पैसे नाहीत.

जेवणाबद्दल सांगायचं तर पनीर बटर मसाला मागितला तर करून देऊ, पण आग्रह करणार नाही. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाचं पिठलं, सोलकढी, बेळगाव बासमतीचा भात, आणि शेवटी वाटीभर कुंदा. तो आम्ही बनवत नाही, बेळगावातूनच आणतो, कारण कुंद्यात हात घालायची आमच्या आचाऱ्याची हिंमत नाही. जैन जेवण आणि उपवासाचं आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवलंत की वेगळ्या चुलीवर होतं. मटणाचा बेत हवा असेल तर माणशी १८० रुपये जादा.

बसायला उठायला आवार मोठं आहे. पण तुम्ही विचाराल, 'बघायला काय?' कणकुंबीचं माउली मंदिर आणि तिथला मलप्रभेचा उगम सकाळी नाष्ट्याआधीही होतो. ज्येष्ठ मंडळींच्या ग्रुपला हे फार आवडतं. पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळणारी नदी इथे ओंजळीएवढी दिसते. परतीच्या ग्रुपला खानापूरकडून काढून हलशीचं कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंह मंदिर आणि नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी दाखवता येते. रायण्णांना १८३१ मध्ये तिथेच फाशी दिली होती, त्यामुळे शाळेच्या सहलींना हा दिवस अभ्यासक्रमातही बसतो. येताना बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती करून या. गोव्याला जाणाऱ्यांनी नाष्टा करून नऊला निघावं, दुपारचं जेवण पणजीत.

धबधब्यांचं मात्र आधीच सांगतो. वज्रपोहा आणि भीमगडचं जंगल यांची नावं आमच्या पत्रकात तुम्हाला दिसणार नाहीत. तो भाग वनखात्याचा आहे. परवानगी असेल तरच नेतो, नसेल तर 'मागच्या वाटेने' नेत नाही. कृपया ग्राहकाला तसं कबूल करू नका.

अजून तीन गोष्टी, ज्या इथे आल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेल्या बऱ्या. ३५ सीटरपर्यंतची गाडी दारापर्यंत येते. मोठी बस आमच्या फाट्यावर उभी करावी लागते, तिथे राखणदार आहे, आणि सामान-माणसं आणायला आमच्या दोन जीप. ४५ जणांना वर यायला साधारण चाळीस मिनिटं धरा. मोबाईलची रेंज फक्त जेवणघराच्या पायरीवर मिळते. ऑफिसात वायफाय आहे, व्हिडिओ कॉल चालेल असं म्हणणार नाही. लाइट गेली की जनरेटर लागतो, पण रात्री अकरानंतर फक्त दिवे आणि पंखे. गीझर नाही. अंघोळीचं पाणी सकाळी बंबाचं, साडेपाचपासून.

पावसाळ्याचे दर या पत्रात नाहीत. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. त्या वेळी किती ग्रुप घ्यायचे हे रस्ता बघून मे महिन्यात ठरवू. २४ डिसेंबर ते २ जानेवारी हे दर लागू नाहीत.

बुकिंगला २५ टक्के आगाऊ, बाकी येण्याआधी सात दिवस. पंधरा दिवस आधी रद्द केलंत तर आगाऊ रक्कम पूर्ण परत. त्यानंतर परत नाही, पण सहा महिन्यांत त्याच ग्रुपची दुसरी तारीख देऊ. माणसं कमी झाली तर तीन दिवस आधीपर्यंत १० टक्क्यांची सूट चालते, तेवढ्यांचे पैसे कापत नाही.

न बघता ग्रुप पाठवा असं मी म्हणणार नाही, मीही कधी पाठवला नसता. सोमवार ते गुरुवार, कुठल्याही दिवशी तुम्ही आणि सोबत एक जण, एक रात्र आमचे पाहुणे म्हणून या. बेळगाव स्टेशनवरून आणायला जीप पाठवतो. शक्य झाल्यास तुमच्या नेहमीच्या ड्रायव्हरलाही आणा, वळणं त्याने बघितलेली बरी.

डिसेंबरच्या शालेय सहलींसाठी डॉर्मिटरीच्या तारखा आत्ताच भरायला लागल्या आहेत. तुमच्याकडे एखादी शाळा ठरत असेल तर तारीख आणि मुला-मुलींची संख्या या मेललाच उत्तरात लिहा. पैसे न घेता पाच दिवस तारीख धरून ठेवतो.

आपला,
सुहास पाटील
ग्रुप बुकिंग, हिरडमाळ रिसॉर्ट
जांबोटी-कणकुंबी रस्ता, ता. खानापूर, जि. बेळगाव

ता. क. खोल्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. मोबाईलवर काढलेले आहेत, आहे तसे. तिसऱ्या फोटोतलं कुत्रं आमचंच आहे, चावत नाही, पण चपला पळवतं.